'खुदकन'ला जायचंय!

लहान मुलांच्या दातांचा दवाखाना निघायचा असला की नावं सुचवणाऱ्यांचा तोटा नसतो. आजोबांचं मत 'एकदंत'. गणपतीचं नाव, शुभ, तोंडात बसलेलं आणि दातही आपोआप आलाच. दातांच्या डॉक्टरकडे जाऊन शेवटी तोंडात एकच दात उरावा असं कुठल्या पेशंटला वाटत असेल, हा प्रश्न भक्तीपुढे कुणी काढत नाही. मित्रमंडळींना 'टायनी टीथ', 'लिटल स्माईल्स' किंवा 'हॅपी' लावलेलं काहीतरी हवं असतं. कॉलेजातल्या सरांना 'बालदंत'पासून सुरू होणारं भारदस्त नाव आवडतं. बोर्ड करून देणारा मात्र म्हणतो, "मॅडम, नाव काय वाट्टेल ते ठेवा, फक्त अक्षरं कमी ठेवा."

त्यातल्या त्यात शहाणा हा बोर्डवालाच. पण त्याच्यासकट सगळे एक गोष्ट गृहीत धरतात, की नाव वाचलं जाणार आहे. ज्याच्या पोटात गोळा येतो तो पेशंट तीन ते सात वर्षांचा असतो. त्याला एक तर वाचता येत नाही, नाहीतर तो नुकता एकेक अक्षर लावायला लागलेला असतो. पाटी त्याला दिसते ती अगदी शेवटी, रिक्षातून उतरल्यावर. नाव त्याच्या कानावर त्याच्या कितीतरी आधी पडलेलं असतं. आदल्या रात्री आई बाबांना सांगते, "उद्या संध्याकाळी याला तिकडे न्यायचंय." सकाळी आजी फोनवर मावशीला तेच सांगते. मूल खेळत असतं, पण सगळं ऐकत असतं. भीती बसते ती इथे, घरात. म्हणून अशा दवाखान्याचं नाव आधी मोठ्यांच्या बोलण्यात घालून ऐकायचं आणि मग पाटीवर लिहून बघायचं. बहुतेक नावं उलट्या क्रमानं ठरतात आणि तिथेच फसतात.

बोलण्यातलं मराठी नाव नुसतं येत नाही, शेपूट लावून येतं. 'लिटल स्माईल्स पीडियाट्रिक डेंटल केअर' हे नाव घेऊन एक साधं वाक्य करून पाहा. "आपल्याला लिटल स्माईल्स पीडियाट्रिक डेंटल केअरमध्ये जायचंय" असं जगातली कुठलीही आई म्हणणार नाही. ती म्हणेल, "आपल्याला डेंटिस्टकडे जायचंय." म्हणजे पाटीवर केलेला सगळा खर्च वाया गेला, कारण मुलाच्या कानात शिरला तो 'डेंटिस्ट'च. जे नाव दोन-तीन अक्षरांत उरकतं, ज्याला 'ला', 'त' किंवा 'कडे' सहज चिकटतं, तेच घरात वापरलं जातं. 'कडे' लागणारं नाव तर मुलाच्या दृष्टीनं आणखी बरं. आपण माणसांकडे जातो. आजीकडे, मामाकडे, मावशीकडे. एखाद्या प्राण्याचं किंवा माणसासारखं नाव असलं की ही जवळीक फुकटात मिळते.

दुसरी अडचण उच्चाराची. मराठी मुलांच्या तोंडात 'र' आणि 'ळ' उशिरा स्थिरावतात, जोडाक्षरं तर अडखळतातच. चार वर्षांच्या मुलाला 'स्मितहास्य' म्हणायला लावणं ही शिक्षाच आहे. 'स'ची गंमत निराळी. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दुधाचे दात पडतात आणि मध्ये खिडकी पडते. 'स' म्हणताना हवा नेमकी त्या पुढच्या दातांवर आपटून बाहेर यायला हवी असते, ती खिडकीतून निसटते आणि 'स'चं भलतंच काहीतरी होतं. थोडक्यात, 'स्माईल' हे नाव ज्यांच्यासाठी ठेवायचं, त्यांतल्या निम्म्या-अधिक पोरांना ते ऐन गरजेच्या वयात म्हणता येत नाही. स्वतःला म्हणता येणारं नाव मूल स्वतःहून घेतं आणि शाळेत मित्राला सांगतं. तसं झालं तर ते नाव त्याचं झालं.

आता भीतीकडे येऊ. लहान मुलांचे दंतवैद्य, ज्यांना वैद्यकीय भाषेत पेडोडॉन्टिस्ट म्हणतात, ते बीडीएसनंतर तीन वर्षं एमडीएस करतात आणि त्यात मुलांच्या वागण्याचा वेगळा अभ्यास असतो. त्यातली सर्वांत जुनी आणि रोजच्या वापरातली रीत म्हणजे आधी सांगायचं, मग दाखवायचं आणि मग करायचं. अमेरिकेत १९५९ मध्ये अ‍ॅडलस्टन यांनी ती मांडली आणि आजही जगभर हेच शिकवतात. 'सांगायचं' या पहिल्या पायरीवर शब्द बदलून घेतलेले असतात. हवा मारणारी नळी म्हणजे वाऱ्याची पिचकारी. थुंकी ओढणारी नळी म्हणजे पाणी पिणारा स्ट्रॉ. दात कोरणारं यंत्र शिट्टी वाजवतं. बधिर करणारं औषध दाताला झोपवतं. उपचाराच्या वेळी दातावर ताणून बसवतात तो रबराचा पातळ पडदा म्हणजे दाताचा रेनकोट. सुई, टोचणं, कापणं, काढणं, रक्त हे शब्द खुर्चीजवळ उच्चारायचे नाहीत, असा शिरस्ता असतो.

मग असं सगळं शिकून आलेला डॉक्टर बाहेर पाटीवर 'पेनलेस' लिहितो, याचं नवल वाटतं. 'दुखणार नाही हं' हे वाक्य मोठ्यांना दिलासा देतं. मुलाच्या कानात मात्र 'दुखणार' आधी पोचतं. तोवर दुखण्याचा विषयसुद्धा त्याच्या डोक्यात नव्हता. तो आता आला. 'नो टिअर्स', 'विदाउट फिअर', 'न रडता' ही सगळी याच जातीची. नाकारण्यासाठी का होईना, भीतीचं नाव घेतलं की ती हजर होते. शिवाय दंतवैद्यांच्या आचारसंहितेत स्वतःची बढाई मारणारी जाहिरात बसत नाही. दुखणार नाहीच, अशी हमी पाटीवर रंगवणं त्या अंगानंही अडचणीचं.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे नावातून लबाडी करणं. 'गंमतघर', 'धमालनगरी', 'खाऊगल्ली' असली नावं ऐकून मूल उड्या मारत येतं, दारातून आत शिरल्यावर त्याला मोठा दिवा आणि खुर्ची दिसते, आणि पुढच्या वेळी कुठल्याही नावावर त्याचा विश्वास राहत नाही. 'फिरायला जाऊ' म्हणून दवाखान्यात नेणारे आईबाप हेच करतात. खाऊचं किंवा चॉकलेटचं नाव दातांच्या दवाखान्याला देणारे तर दुकान आणि दवाखाना यांतला फरकच विसरलेले असतात.

'दात' हा शब्दच नावात घालावा का, हा यातला सर्वांत अवघड प्रश्न. आपल्या भाषेत दात फारसा मायाळू नाही. दात पाडतात, दात घशात घालतात, दातओठ खातात, दात विचकतात, भीतीनं दातखिळी बसते. 'बत्तिशी' हे नाव ऐकायला मोठं छान, पण 'बत्तिशी घशात घालीन' ही धमकी आणि 'बत्तिशी वठली' म्हणजे अशुभ बोललेलं खरं ठरलं. त्यात पोरांना बत्तीस दात नसतातच. दुधाचे दात वीस, तेही अडीच-तीन वर्षांपर्यंत पुरे होतात. 'किडा' तर दूरच ठेवावा. दातात खरोखर किडा नसतो. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल करतात आणि त्यानं दात झिजून खड्डा पडतो. पण मराठी घरांत 'दाताला कीड लागली' असंच म्हणतात आणि कित्येक पाट्यांवर कुदळ घेऊन दात खोदणारा हिरवा किडा रंगवलेला असतो. मोठ्यांना ते चित्र विनोदी वाटतं. चार वर्षांच्या मुलाला मात्र कळतं ते एवढंच, की माझ्या तोंडात असला प्राणी राहतो. पाटीवरच्या हसऱ्या दाताचंही एकदा नीट निरीक्षण करा. त्याला खाली दोन पाय काढलेले असतात, म्हणजे मुळं. मुळं दिसणारा दात हा उपटलेला दात असतो!

आता प्रत्यक्ष एक नाव ठरवून पाहू. समजा, नाशिकला एक तरुण पेडोडॉन्टिस्ट दवाखाना काढते आहे. आसपास सोसायट्या आहेत, इंग्रजी शाळा आहेत आणि नातवंडांना बऱ्याचदा आजी-आजोबाच घेऊन येणार आहेत. वहीत तिनं चार नावं उतरवली आहेत. 'खारुताई', 'बोळकं', 'खिडकी' आणि 'खुदकन'.

'बोळकं' पहिल्याच फेरीत बाद. शब्द गोड आहे, भातुकलीत सापडतो, पण बिनदातांच्या तोंडाला बोळकं म्हणतात. 'एकदंत'च्या पुढची पायरी झाली ही.

'खारुताई' पाहा. 'कडे' छान लागतं, "खारुताईकडे जायचंय" हे घरातलं वाक्य वाटतं. बोबड्या तोंडात फार तर 'खालुताई' होईल, त्यानं बिघडत नाही. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि कडक गोष्टी कुरतडून ती ते झिजवत ठेवते, त्यामुळे गोष्ट सांगायलाही विषय मिळतो. मगर, शार्क किंवा वाघ यांच्या दातांना जशी दहशत असते तशी इथे नाही. अडचण वयाची आहे. अशा दवाखान्यात पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला बाळ आणावं, असा सल्ला देतात, आणि दाढा, सुळे व वाकडे दात करत तेच मूल तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत येत राहतं. सातवीतल्या मुलाला मित्रांसमोर "मी खारुताईकडे चाललोय" म्हणायची लाज वाटते. मुलाला नाव लपवावंसं वाटलं की ते नाव निम्मं कामातून गेलं.

'खिडकी'त गंमत आहे. पडलेल्या दाताच्या जागेला आपण खिडकी म्हणतो आणि सहा-सात वर्षांची पोरं ती खिडकी मिरवत हिंडतात. पण दोन-तीन वर्षांच्या बाळाला ही खिडकी कळत नाही आणि नुसतं नाव ऐकून आजी विचारणार, "खिडक्यांचं दुकान का?"

उरलं 'खुदकन'. खुदकन हसणं मराठी घरात सगळ्यांना माहीत आहे. दात हा शब्द त्यात नाही, पण हसू आहे आणि हसताना दात दिसतातच. र नाही, ळ नाही, स नाही, जोडाक्षर नाही. "खुदकनला जायचंय" हे वाक्य बिनअडथळ्याचं आहे. सातवीतल्या मुलालाही ते बाळबोध वाटणार नाही. उणं म्हणजे नावावरून दवाखाना कळत नाही, आणि 'कडे' लागत नाही. रोमन लिपीत लिहिलं की इंग्रजी शाळेतला मुलगा 'खुद' आणि 'कन' असे दोन तुकडे पाडून वाचणार. इथे तिला निवड करावी लागते आणि माझं मत 'खुदकन'च्या बाजूनं पडतं, कारण त्याची उणीव दुसऱ्या ओळीनं भरून काढता येते. 'खारुताई'ची वयाची उणीव कशानंच भरून निघत नाही.

ठरवण्याआधी तिनं एक फेरी बालवाडीत मारावी. दवाखाना हा शब्द न काढता चार-पाच वर्षांच्या मुलांना विचारायचं, "'खुदकन' नावाचं एक घर आहे, तिथे काय असेल सांगा पाहू?" पोरं फुगे म्हणतील, माकड म्हणतील, कुणीतरी गुदगुल्या म्हणेल. उत्तर काय येतं यापेक्षा चेहरा काय होतो ते बघायचं, आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचं की त्या घराचं नाव काय होतं. ज्यांना आठवतं त्यांनी ते कसं उच्चारलं, तेही ऐकायचं. मग दुसरी परीक्षा आजींची. फोनवर नाव सांगायचं, त्यांनी ते रिक्षावाल्याला सांगून बघायचं. नाव दोनदा फोड करून सांगावं लागलं तर पुन्हा विचार करायचा. या दोन परीक्षांना पैसे लागत नाहीत, तरी त्या फार कमी लोक घेतात.

आईवडलांना मात्र चटकन कळलं पाहिजे की हा दातांचा दवाखाना आहे आणि तो मुलांचा आहे. म्हणून पाटीला दोन ओळी. वर मोठ्या अक्षरांत 'खुदकन', खाली 'लहान मुलांचा दातांचा दवाखाना', आणि त्याखाली डॉक्टरांचं नाव, पदव्या आणि नोंदणी क्रमांक. मुलांचे तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं तर त्या शाखेची एमडीएस हवीच. गुगलच्या नकाशावर मात्र नावाच्या जागी पाटीवरचं नाव तेवढंच टाकायचं. 'खुदकन बेस्ट किड्स डेंटिस्ट नाशिक' असं शेपूट तिथे जोडलं तर नियमभंग म्हणून नोंद बंद पडू शकते. लोक जे शब्द टाकून शोधतात ते खालच्या माहितीत लिहायची सोय असतेच.

पाटीचा कायदाही इथे आपल्या मदतीला येतो. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या आस्थापनांनाही नाव देवनागरीत लावावं लागतं आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. मुंबईतल्या व्यापाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा हा विषय घरोघरी पोचला. ज्यांनी इंग्रजी नाव ठेवलं त्यांच्या पाटीवर 'पीडियाट्रिक' आणि 'ऑर्थोडॉन्टिक्स' ही अक्षरं दाटीवाटीनं उभी राहतात. 'खुदकन' चार अक्षरांत मोकळं बसतं, बोर्डवालाही खूश.

नाव आपलंच राहावं असं वाटत असेल तर ट्रेडमार्कची नोंदणी आहे. वैद्यकीय सेवा ४४ क्रमांकाच्या वर्गात येतात, एकट्या डॉक्टरला ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क पडतं आणि नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते, पुढे वाढवता येते. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर कुणी तेच किंवा तसंच ऐकू येणारं नाव घेतलंय का ते फुकट शोधता येतं. 'खुदकन'लाही ही पायरी चुकत नाही. इथे मजेची गोष्ट अशी, की जे नाव धंद्याचं नुसतं वर्णन करतं त्याला कायदा सहसा नोंदणी देत नाही. 'मुलांचे दात' किंवा 'दुधाचे दात' यांवर एकट्यानं हक्क सांगणं कठीण. 'स्माईल' आणि 'टीथ' घातलेली नावं इतकी झाली आहेत की एकमेकांशी टक्कर ठरलेलीच. मुलाला जवळचं वाटणारं, दाताशी थेट संबंध नसलेलं नाव कायद्यालाही जास्त वेगळं दिसतं. भिंतीवर छोटा भीम किंवा मिकी माऊस काढायचा मोह मात्र आवरावा. ती चित्रं दुसऱ्याच्या मालकीची आहेत.

एवढं सगळं करून नाव किती काम करतं? फार तर घरापासून खुर्चीपर्यंत. दारात शिरताच लवंगेच्या तेलाचा तो ओळखीचा दवाखानी वास आला, आत कुणी रडताना ऐकू आलं, स्वागतिकेनं फोन उचलून "डेंटल क्लिनिक" म्हटलं, किंवा आईच्या मोबाइलवर 'उद्या दात काढण्याची वेळ सायंकाळी ५' असा मेसेज आला आणि तिनं तो मोठ्यानं वाचला, तर 'खुदकन' तिथेच संपलं. म्हणून फोनवर "नमस्कार, खुदकन" हेच म्हणायचं, आणि मेसेजमध्ये फक्त दिवस आणि वेळ. डॉक्टरलाही 'मॅडम' म्हणण्यापेक्षा 'डॉक्टर मावशी' बरं पडतं. पहिली भेट शक्यतो काहीच न करण्याची ठेवायची. खुर्ची वर-खाली करून दाखवायची, आरशात दात मोजायचे, घरी पाठवायचं.

आणि कधी कधी उलटंही होतं. सुजलेल्या गालानं, रात्रभर न झोपलेलं मूल पहिल्यांदाच येतं, दात त्याच दिवशी काढावा लागतो आणि ते कितीही समजावलं तरी रडतं. त्या मुलासाठी 'खुदकन' हाच आता भीतीचा शब्द होऊन बसतो. अशा वेळी ते नाव त्याच्यापुढे लाडानं घेत राहणं म्हणजे जखमेवर मीठ. अनुभवी डॉक्टर पालकांना सांगतात, पुढचे काही दिवस दवाखान्याचं नाव काढू नका, नुसतं "मावशीला तुझा दात दाखवून येऊ" म्हणा. मग दोन-तीन भेटी हत्यारांशिवाय होतात, फक्त दात मोजले जातात. एखाद्या भेटीला पोरगं रिक्षातच विचारतं, "खुदकनला का?" तेव्हा त्या मुलापुढे नाव पुन्हा घ्यायला हरकत नसते.